बटण दाबल्यावर येणार कोण?

काही माणसं कल्पना शोधत फिरतात आणि काहींना कल्पना शोधत येतात. तीर्थपुरीचा हरिओम दुसऱ्या प्रकारातला. सातवीत असताना मोसंबीच्या बागेतली वानरं पळवायला त्यानं घरातला रेडिओ झाडाला टांगला होता. वानरं गेली नाहीत. त्याचे वडील काकासाहेब पुढं कित्येक वर्षं पाहुण्यारावळ्यांना सांगायचे, "आमच्या बागंतली वानरं बातम्या ऐकल्याबिगर मोसंबीला तोंड लावत न्हाईत." मोटारीवर आपोआप भरणारा माठ, ऊन लागलं की ओरडणारी छत्री, असले पुष्कळ उद्योग झाले. आई, म्हणजे चतुराबाई, प्रत्येक वेळी म्हणायच्या, "करू द्या. डोकं चालून राह्यलं ना पोराचं, चालू द्या."

चालता चालता ते डोकं पुण्याला गेलं. तिथं त्याला नोकरी मिळाली, शीतल नावाची बायको मिळाली, आकांक्षा नावाची मुलगी झाली आणि अकराव्या मजल्यावर घर झालं. मग काकासाहेब गेले. चतुराबाई तीर्थपुरीत एकट्या राहिल्या. जमीन बटाईनं दिली. हरिओमनं आईला पुण्याला आणून पाहिलं. आठव्या दिवशी त्या गॅलरीतून खाली बघत म्हणाल्या, "इथं चिमनीबी येत न्हाई. मी काहून येऊ?" आणि पिशवी भरून मोकळ्या झाल्या.

तेव्हापासून हरिओमच्या मनात एक अपराधी भाव येऊन राहिला. पुण्यात दुसऱ्या कशालाही जागा मिळणं मुश्किल, पण याला ताबडतोब मिळाली. तो हरिओमबरोबर ऑफिसला जायचा, बरोबर जेवायचा, आणि मोसंबीचा रस प्यायला गाडीपाशी थांबलं की हटकून तोंड वर काढायचा. त्याच्यावर उतारा म्हणून हरिओम रोज आईला व्हिडिओ कॉल करी.

या कॉलमध्ये आई कधी दिसत नसे. दिसायचा तो आईचा कान. चतुराबाई फोन कानाला लावत, आणि त्या कानातलं सोन्याचं फूल सगळा पडदा व्यापून बसे. कान नसला तर छताचा पंखा.

"आई, फोन तोंडासमोर धर!"

"धरला की."

"हा पंखा आहे आई."

"मंग पंखा बघ. चांगला चालू हाय. आन् मीबी बराबर हाय. जेवला का?"

घरात या कानाची फार मजा चाले. आकांक्षाला शाळेत आजीचं चित्र काढायला सांगितलं, तर तिनं पानभर एक कान काढला आणि त्याच्या पाळीत पिवळं फूल. बाईंनी शेरा मारला, 'चित्र पूर्ण करणे'. हरिओमनं ते चित्र मोबाइलमध्ये जपून ठेवलं होतं. पुढं आपल्या धंद्याची माहिती लोकांना सांगायला उभा राहिला की पहिलं हेच चित्र दाखवायचा. लोक खदखदून हसायचे. मग तो गंभीर होऊन म्हणायचा, "आपल्या आईवडिलांना तंत्रज्ञान वापरता येत नाही. म्हणून त्यांना वापरता येईल असं तंत्रज्ञान आपण आणतोय."

धंदा हाच होता. ज्यांची मुलं लांब गेली आहेत अशा म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी. भागीदार होता हर्ष, हरिओमचा कॉलेजमधला खोलीसोबती. हर्षचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण पाचव्या पिढीपासून जालन्याचं. त्याचे वडील अमरचंद यांचं जालन्यात बियाण्यांचं मोठं दुकान. सुरुवातीचं भांडवल तेच घालणार होते. म्हणजे पटलं तर.

धंदा काढण्याआधी लोकांची गरज शोधावी, असं दोघांनी वाचलं होतं. म्हणून ऑफिसातल्या मित्रांना विचारलं. कुणाचे आईवडील आष्टीला, कुणाचे केदारखेड्याला. सगळ्यांनी एकच सांगितलं: काही झालं तर आम्हाला लगेच कळलं पाहिजे. ही झाली मुलांची गरज. आता आईवडिलांचीही विचारावी म्हणून हरिओम तीर्थपुरीच्या देवळाच्या पारावर जाऊन बसला. तेव्हा कंपनीचं नाव ठेवलं होतं 'श्रावण'. तेवढं नाव गावात पसरलं आणि तासाभरात पारावर ही रांग! प्रत्येकाच्या हातात आधार कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला. सगळ्यांना वाटलं, सरकारची म्हाताऱ्यांची जी श्रावणबाळ योजना आहे, तिचा साहेब आला.

"तुम्हाला काय अडचण आहे, आजोबा?" हरिओमनं रांगेतल्या पहिल्या माणसाला, पुंजारामबाबांना, विचारलं.

"पगार यायना दोन महिन्यांपासून."

"ते नाही. बाकी आयुष्यात काही त्रास?"

पुंजारामबाबांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. "तू काकासाहेबांचा न्हाईस का रे? वानरांना रेडिओ लावणारा?"

"हो."

"मंग आमचं सगळं बराबर हाय बाबा," म्हणून पुंजारामबाबांनी कागद पिशवीत घातले. मागच्या सगळ्यांचंही लगेच बराबर झालं. नाव बदलून 'सोबत' ठेवलं, आणि मुलांची गरज तीच खरी गरज असं मानून दोघं कामाला लागले.

गळ्यात घालायचं एक लॉकेट तयार झालं. त्याला मधोमध लाल बटण. पडलं, झडलं, छातीत दुखलं, की बटण दाबायचं. पुण्यात मुलाचा फोन वाजणार. शिवाय मुलाच्या मोबाइलवर एक ठिपका दिसणार. हिरवा म्हणजे सगळं ठीक. पहिलं लॉकेट चतुराबाईंना गेलं. त्यांचा ठिपका कायम हिरवागार. इतका, की हर्ष म्हणाला, "आपल्या कंपनीत सगळ्यात कामाचा माणूस म्हणजे तुझी आई."

मग दोघं अमरचंदांसमोर बसले. अमरचंद गादीवर मांडी घालून, एका हातानं सरकीचं बी चाळवत ऐकत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बटण दाबल्यावर येणार कोण?"

"मुलाला सूचना जाते, काका," हरिओम म्हणाला.

"कुठं?"

"पुण्याला."

"मग तो येतो?"

"तो लगेच फोन करतो."

"कोणाला?"

"आईला."

"म्हणजे जी पडली आहे तिला?"

हर्ष खोकला. हरिओमनं आजीच्या कानाचं चित्र उघडून दाखवलं. अमरचंद हसले नाहीत. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी ते जवळून पाहिलं, आणि पुन्हा सरकीत हात घातला. "असं कर. तुझ्या आईच्या घरी हे कसं चालतं ते मला दाखव. बोलून नको, दाखव. पटलं तर मी आहेच."

दाखवायचं म्हणजे चित्रफीत करणं आलं. हर्षनं डोकं लढवलं. मुलगा न सांगता घरी जातो, आई मान वर करून बघते, गळ्यात लॉकेट, आणि चेहऱ्यावर तो आनंद. "एकदम नैसर्गिक पाहिजे," हर्ष म्हणाला. "येणार हे आईला सांगायचं नाही."

पण आईला न सांगता घरी जायचं हे हरिओमच्यानं होईना. त्यानं आदल्या रात्री जालन्यातून फोन केला, "उद्या दुपारपर्यंत पोचतो." पण हर्षच्या आग्रहानं पहाटेच निघून दोघं कोवळ्या उन्हातच तीर्थपुरीत उतरले. पौष महिना, हवेत चांगलाच गारठा. हरिओमनं डोक्यावरून शाल घेतली होती.

"आत जाताना काही बोलू नको," अंगणाबाहेर मोबाइल सरसावून हर्ष कुजबुजला. "मला पहिला चेहरा पाहिजे. तू नुसता जाऊन उभा राहा."

हरिओम जाऊन उभा राहिला.

चतुराबाई ओसरीवर पोत्यावर बसल्या होत्या. पुढ्यात ताट, ताटात तुरीची डाळ. त्यांनी मान वर केली आणि सरळ हरिओमच्या चेहऱ्याकडं बघितलं. हरिओम हसला. हर्षनं बाहेरून अंगठा दाखवला.

चतुराबाईंच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही.

"आलीस का नंदे," त्या म्हणाल्या. "ये. मिसरी लावून आलीस वाटतं, बोलायनास ते. मला तर काय, उजेडाच्या आडवं काळं काळं आलं की समजते, नंदी आली."

हरिओमचं हसू जागच्या जागी राहिलं. नंदाबाई म्हणजे शेजारीण. सकाळी मिसरी लावली की घटकाभर तिच्या तोंडून शब्द निघत नसे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. हरिओमला वाटलं, आई थट्टा करतेय. मग आईनं ताट त्याच्याकडं सरकवलं. ताट त्याच्या पायाला लागलं तरी ती सरकवतच राहिली.

"बैस बाई. तेवढे डाळीतले खडे बघून देय. दुपारला पोरगं यायलंय. मागच्या बारीला त्याच्या दाताखाली खडा आल्ता. काही बोलला न्हाई, पण मला वाजलेला ऐकू आला."

त्या वेळी हरिओमनं 'आई' म्हणायला पाहिजे होतं. एवढं दोन अक्षरांचं काम. पण ते करायचं तर तिला कळणार होतं की समोर उभ्या असलेल्या पोटच्या पोराला तिनं ओळखलं नाही. आणि हे कळल्यावर तिचा चेहरा कसा होईल ते बघायची त्याची हिंमत झाली नाही. तो खाली बसला. ताट मांडीवर घेतलं. अभियांत्रिकीची पदवी असलेला माणूस शाल डोक्यावर ओढून डाळीतले खडे वेचू लागला.

"आन् ते गळ्यातलं बटन काढून देय कपाटातून. पातळाच्या घडीत हाय. तो यायच्या आधी घालून बसते." त्या जरा हसल्या. "एकदा चुकून दाबल्या गेलं, तर कामातून उठून फोन केला की गं त्यानं. आवाज असा घाबरलेला! मी म्हणलं, उगं लेकराच्या जिवाला घोर. तवाच काढून ठेवलं."

हिरव्यागार ठिपक्याचं रहस्य असं पातळाच्या घडीत होतं. कपाट पडत नाही, झडत नाही, कपाटाच्या छातीत दुखत नाही.

"तुला सांगते नंदे, त्या शिबिराच्या डाक्टरानं तर तवाच म्हणलं व्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय, उजवा लई पिकला. आता जल्दी काढा म्हणला, जितकं थांबसाल तितकं कठीण. मी म्हणलं काढा. तर म्हणे, संग कोन हाय? आन् नंतर महिनाभर थेंब टाकायचे, दिसातून चार-पाच बाऱ्या, ते कोन टाकतं?" हाताला लागलेली डाळ त्यांनी झटकली. "आपल्याच डोळ्यात आपल्या हातानं थेंब पडत न्हाई बाई. मी पान्याचा टाकून बघितला. गालावर पडते, न्हाईतर नाकात."

हरिओमच्या बोटात एक खडा होता. तो तसाच राहिला.

"तू म्हणलीस मी टाकते. पण तू कापूस वेचायला सकाळी जाशील ते दिवस बुडता येशील. मह्या डोळ्यापायी तुही मजुरी बुडवू का? आन् पोराला बोलवावं तर त्याला सवड कुठं हाय. दिवाळीला म्हणलं व्हतं मी त्याला, डोळ्यापुढं झापड आल्यावानी व्हतं. लई गुनाचं लेकरू, आठ दिवसांत दिवा धाडला पुन्याहून. मोबाइलवर लागते म्हणे, मोबाइलवर इझते. आता मला मोबाइलच दिसत न्हाई ते दिवा कसा लावू? पण दिवा चांगला हाय हां. पांढराशुभ्र हाय म्हणतात."

दिवा हरिओमला आठवला. तो मागवताना वाटलेलं समाधानही आठवलं. आई म्हणाली, डोळ्यापुढं झापड येते. आणि त्यानं ती अडचण दोन मिनिटांत सोडवून टाकली होती.

"आता तर म्हणतो, लोकांच्या मायबापासाठी कंपनी काढायलोय. मी म्हणलं काढ बाबा. चांगलं हाय ना गं? लोकांचं तरी..."

एवढ्यात अंगणातून खरी नंदाबाई आली. त्या दिवशी नेमकी तिनं मिसरी लावली नव्हती. "आगं बया! हरिओमभाऊ! कवा आलास? आन् डाळ काहून निवडायलास?" मग मागं वळून हर्षकडं बघत, "आन् हा बाबा कोन हाय, इथं भिताडाला चिटकून काय करायलाय?"

चतुराबाईंचा हात हवेत थांबला. मग तो पुढं आला, शालीवरून चाचपडत हरिओमच्या गालावर गेला. दाढी लागली. हात मागं घेतला.

"हरिओम?"

"हो आई."

"कवाचा बसलास?"

"आत्ताच."

"खोटं बोलू नको. ताट हलकं झालं." आणि एकदम त्यांचा आवाज चढला. "गपचिप बसून मायच्या तोंडचं ऐकतोस का रे? लाज न्हाई वाटत? बोलायला काय झालं व्हतं?"

हरिओमनं शाल डोक्यावरून खाली घेतली. त्याला आईसमोर अपराधी वाटत होतं, आणि आई त्याच्याहून जास्त अपराधी दिसत होती. जणू काही चोरी तिचीच पकडली गेली होती. "तसं फार काही न्हाई रे," ती म्हणायला लागली. "दिसते मला. तू बसलास ते दिसायलाय की. उजेड मागं होता म्हणून."

"माझ्या अंगावर काय रंगाची शाल आहे, आई?"

चतुराबाईंनी पदर सारखा केला. "तुला शोभून दिसायली," त्या म्हणाल्या.

हर्ष हळूच आत आला. त्यानं मोबाइल खिशात घातला होता. नंतर गावातून निघताना हरिओमनं चित्रफितीचं विचारलं, तर तो म्हणाला, "पुसली. मारवाडी माणूस असून सांगतो, काही माल विकायचा नसतो." त्या वेळी मात्र तो हरिओमच्या शेजारी बसला, उरलेली डाळ पुढ्यात ओढली आणि चष्मा पुसून खडे बघायला लागला. नंदाबाईनं हे दृश्य पाहिलं आणि म्हणाली, "चतुराकाकू, कंपनीनं कामाला सुरुवात केली बघा."

ऑपरेशन जालन्याला झालं. आधी साखर तपासली, रक्तदाब बघितला. डॉक्टर बाईंनी विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" चतुराबाईंनी ताबडतोब सांगितलं, "पिकू द्यावं म्हणतात ना." हरिओम बाजूला उभा होता. आपल्याला वाचवण्यासाठी आई डॉक्टरशी खोटं बोलतेय हे त्याला कळलं. "पिकायची वाट बघायचे दिवस गेले, मावशी," बाई म्हणाल्या. "आता हा दगडासारखा झालाय. काढू, पण वेळ लागेल." आणि मग नेहमीचा प्रश्न: "थेंब टाकायला कोण आहे?"

"मी," हरिओम म्हणाला. शाळेत हजेरी देतात तसा.

त्यानं रजा काढली आणि तीर्थपुरीत राहिला. थेंब टाकणं ही कला आहे हे त्याला पहिल्याच दिवशी समजलं. आधी साबणानं हात धुवायचे. आईला वर पंख्याकडं बघायला लावायचं. खालची पापणी बोटानं हलकेच खाली ओढायची आणि त्या खोबणीत एकच थेंब सोडायचा. बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. मग डोळा अलगद मिटून घ्यायचा. दोन औषधं असली तर मध्ये पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरं पहिल्याला वाहून नेतं. डोक्यावरून आंघोळ नाही, चुलीपुढं बसणं नाही, डोळा चोळणं नाही. पहिला थेंब त्यानं आईच्या भुवईवर टाकला.

"कापसावर फवारायलास का?" चतुराबाई म्हणाल्या.

त्या पाच मिनिटांत दोघांना करण्यासारखं काही नसे. आई पडून राही, तो उशाशी बसे. इतकी वर्षं रोजच्या फोनवर 'जेवला का' आणि 'बराबर हाय' यांच्या मधली जी जागा रिकामी होती, ती या पाच-पाच मिनिटांत भरत गेली. एकदा त्यानं विचारलं, "तू मला स्पष्ट का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आला असतास."

"मग?"

"म्हणून न्हाई सांगितलं."

हरिओम घड्याळाकडं बघत राहिला. पाच मिनिटं झाली होती, पण दुसरी बाटली उघडायला त्याला थोडा जास्तच वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी दारात पुंजारामबाबा. हातात या वेळी आधार कार्ड नव्हतं. "तू मायच्या डोळ्यात थेंब टाकायलास म्हणे."

"हो बाबा."

"मह्या बी डोळ्याचं डाक्टरानं लिहून दिलेलं हाय. पोरगं नाशिकला. थेंबाला मानूस न्हाई म्हणून राहून गेलं. इथं टाकतोस तसा मह्याबी टाकशील का? लई वेळ लागत न्हाई ना."

"बाबा, पारावर मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात सगळं बराबर आहे!"

"तवा तू साहेब व्हतास," पुंजारामबाबा म्हणाले. "आता थेंब टाकायलास."

मग बाकीचेही येऊ लागले. कुणाच्या पायाची नखं कापायची राहिली होती. वाकता येत नव्हतं आणि साखरेचा आजार असल्यानं भलत्याकडून कापून घ्यायची भीती. एका आजीला दर महिन्याला तपासायला जायचं होतं, पण एसटीत चढवून देणारं आणि दवाखान्यात नाव पुकारलं की उठवणारं कुणी नव्हतं. बटण यातल्या एकालाही नको होतं. यातलं काहीही पुण्यात फोन वाजण्याइतकं मोठं नव्हतं, आणि म्हणूनच पुण्यात कुणाला कळलं नव्हतं.

महिना सरत आला तेव्हा हरिओम पुन्हा अमरचंदांच्या गादीसमोर बसला. या वेळी चित्र नव्हतं, ठिपका नव्हता.

"येणार कोण?" अमरचंदांनी विचारलं.

"नंदाबाई."

"ती कोण?"

"शेजारीण. कापूस वेचायला जाते. तिला त्याऐवजी ह्या कामाचा रोज द्यायचा. दवाखान्यात थेंब टाकायला, नखं कापायला शिकवून घ्यायचं. चार घरं करील. पैसे मुलं देतील."

"आणि मोबाइलचं काय?"

"नंदाबाई येऊन गेली की मुलाला कळेल. बस, एवढंच."

अमरचंदांनी चष्मा कपाळावर नेला. "बियाणं विकताना माझे वडील सांगायचे, शेतकऱ्याला विचारू नको काय पाहिजे, त्याच्या बांधावर जाऊन बस." आणि हर्षकडं वळून, "पटलं. याला चहा सांग. साखरेचा."

नंदाबाईची एकच अडचण निघाली. डॉक्टर बाईंनी सांगितलं, मिसरीचा हात डोळ्याजवळ चालणार नाही. नंदाबाईनं दोन दिवस विचार केला आणि मिसरी सोडली. त्यामुळं ती सकाळपासून बोलायला लागली आणि गल्लीतली शांतता कायमची गेली. काही लोकांच्या मते कंपनीचं गावावर झालेलं हे एकमेव नुकसान.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्याच्या तोंडावर ठरलं. नेमकं त्याच महिन्यात हरिओमच्या ऑफिसात मोठं काम निघालं. रजा संपलेली होती. ऑपरेशनच्या दिवशी तो आला, सही केली, रात्रभर राहिला आणि दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर परत गेला. निघताना आईनंच त्याला धीर दिला, "नंदी हाय की. तूच तर लावलीस तिला कामाला." 'सोबत'च्या ग्राहकांत पहिलं नाव पडलं ते असं. गिऱ्हाईक हरिओम, मुक्काम पुणे.

रोज संध्याकाळी त्याच्या मोबाइलवर येतं: थेंब टाकले. तो वाचतो आणि त्याला बरं वाटतं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटतं.

पट्टी निघून आठ दिवस झाले त्या रात्री त्यानं व्हिडिओ कॉल लावला. आकांक्षा कानाची वाट बघत शेजारी बसली होती. पडद्यावर काळा चष्मा आला. मग एक हात वर गेला, चष्मा निघाला, आणि चतुराबाईंचा सबंध चेहरा समोर आला. दोन्ही डोळे थेट त्याच्यावर.

"आजी!" आकांक्षा ओरडली. "आजीला नाक पण आहे!"

चतुराबाई हसल्या नाहीत. त्या बघत होत्या. पहिला डोळा दगडासारखा पिकलेला, त्यातून मुलगा धुरकटच दिसला होता; आता कितीतरी वर्षांनी त्याला स्वच्छ बघत होत्या, आणि घाई करत नव्हत्या.

"तुहे केस कवा पांढरे झाले रे?"

"थोडेसेच आहेत. झाली दोन-तीन वर्षं."

"आन् डोळ्याखाली काय हाय ते काळं? झोपत न्हाईस का?"

"झोपतो की."

"जेवला का?"

हरिओम जेवला नव्हता. ऑफिसातून आत्ताच आला होता. "हो," तो म्हणाला. "आई, माझं सगळं बराबर आहे. तू तुझ्या डोळ्याची काळजी घे."

"जरा उजेडात ये बघू."

हरिओमला एकाएकी तो उजेड नकोसा झाला. "आई, रेंज गेली वाटतं," असं काहीतरी पुटपुटत त्यानं हातातला फोन जरा तिरका केला.

तीर्थपुरीत चतुराबाईंच्या पडद्यावर पुण्याच्या घरातला पंखा आला. चांगला चालू होता.

"पंखा दिसायलाय," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला नाही.